कडं कलंडलं त्या रात्रीचा अहवाल

अपघात झाला त्या रात्री साडेअकराला ऑफिसात बसून मी अहवालाचं पहिलं वाक्य लिहिलं: "छताला टांगलेल्या सजावटीच्या कड्याची वायर तुटल्याने ते पाहुण्यांच्या अंगावर पडले." या एका वाक्यात दोन गोष्टी खोट्या होत्या. वायर तुटलेली नव्हती आणि कडंही पूर्ण पडलेलं नव्हतं. मी खोटं बोलत होतो असं नाही. हॉलमधले सगळेच "वायर तुटली, वायर तुटली" म्हणत होते, ते माझ्या कानात बसलं होतं.

मी एका मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक आहे. हॉलच्या मधोमध आमचंच एक लोखंडी कडं कायमचं टांगलेलं असायचं. व्यास २.४ मीटर, जमिनीपासून उंची ३.२ मीटर. ते छतातल्या तीन हुकांना तीन वायरींनी अडकवलेलं होतं. लग्नाच्या आदल्या रात्री सजावटवाले येऊन त्याला फुलं, वेली, लहान काचेचे दिवे लावून जायचे. त्या दिवशी लग्न दुपारी झालं आणि संध्याकाळी स्वागतसमारंभ होता. पावणेआठच्या सुमारास तीनपैकी एका वायरीने कड्याला सोडलं. उरलेल्या दोन वायरींनी धरून ठेवलं, त्यामुळे कडं दार उघडावं तसं एका बाजूने खाली झुललं.

त्यात तिघांना लागलं. नवरीच्या मावशी कड्याखाली उभ्या होत्या. लोखंडी काठ त्यांच्या खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. एका लहान मुलाच्या कपाळाला दिव्याची काच लागून टाके पडले. एका वाढप्याच्या पाठीवर फुलं खोचायच्या ओल्या फोमची वीट पडली, त्याला मुका मार लागला.

हा अहवाल दोघांना द्यायचा होता: मुलीच्या घरच्यांना, कारण हॉल त्यांनी घेतला होता आणि लागलेली माणसं त्यांची होती, आणि विमा कंपनीला, कारण आमची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे बाहेरच्या माणसांना इजा झाली तर त्यासाठीचा विमा, होती. या दोन वाचकांमुळे मी पुढचे काही दिवस कसा अडकलो आणि शेवटी काय लिहिलं, ते सांगतो.

पहिल्या अर्ध्या तासात मी एक काम नकळत बरोबर केलं. जखमींना रुग्णवाहिकेतून पाठवल्यावर आमची मुलं लगेच झाडू घेऊन आली. पाहुणे अजून होते, जमिनीवर काचा होत्या, वाटेत फुलांचा चिखल झाला होता. मी म्हटलं, काचा एका बाजूला सारा, बाकी कशालाही हात लावू नका. त्या क्षणी पुराव्याचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. मला एवढंच वाटलं की वर लोंबकळणारं कडं अजून खाली येईल आणि कोणीतरी झाडताना त्याखाली सापडेल. हॉलचा तेवढा भाग खुर्च्या लावून बंद केला. पण त्यामुळेच वरची वायर, क्लिप, जमिनीवरची पानं, सगळं जिथल्या तिथे राहिलं. मोबाईलवर चाळीसेक फोटो काढले. जवळून काढलेल्या फोटोत शेजारी एक पेन ठेवलं, आकार कळावा म्हणून.

दुसरं काम चुकीचं केलं. रात्री दवाखान्यात मावशींच्या मुलाला मी म्हणालो, "दादा, पैशांची काळजी करू नका, सगळा खर्च आमच्याकडे." माणूस म्हणून तेच तोंडून निघतं. दुसऱ्या दिवशी पॉलिसी काढून वाचली तेव्हा त्यात अट दिसली: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही आणि भरपाईचं वचनही द्यायचं नाही. म्हणजे माझ्या त्या एका वाक्यावर बोट ठेवून कंपनी हात वर करू शकत होती. मी ते लपवलं नाही. अहवालात लिहिलं: "रात्री सव्वादहाच्या सुमारास मी जखमी मावशींच्या मुलाला खर्च कार्यालय करील असे तोंडी सांगितले. त्या वेळी मी पॉलिसीच्या अटी पाहिलेल्या नव्हत्या." कंपनीने नंतर त्याचा बाऊ केला नाही. हेच दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर कदाचित केला असता.

विमा कंपनीला फोन त्याच रात्री केला आणि सकाळी मेल पाठवला. मेलमध्ये चारच गोष्टी होत्या: कुठे, कधी, किती जणांना लागलं, आणि वस्तू जागेवर जपून ठेवल्या आहेत. फोनवरच्या गृहस्थांनी मला आधीच बजावलं होतं, "साहेब, काय झालं तेवढं कळवा. का झालं ते आत्ता लिहू नका." तेव्हा मला वाटलं, हे लोक पळवाट शोधतायत. नंतर कळलं की तो सल्ला त्यांच्यापेक्षा माझ्या जास्त कामाचा होता. त्या रात्री मी "का" लिहिलं असतं तर "वायर तुटली" असंच लिहिलं असतं, आणि पुढे खरं कारण सांगताना मी जबाब फिरवतोय असं दिसलं असतं.

वाढप्याचं प्रकरण वेगळं निघालं. पब्लिक लायबिलिटी बाहेरच्या माणसांसाठी असते, आपल्या नोकरांसाठी नाही. तो मुलगा केटररचा की आमचा, हे ठरवायला अर्धा दिवस गेला. हजेरी केटररच्या वहीत होती, म्हणून आमच्या दृष्टीने तो बाहेरचा. अहवालात मात्र तिन्ही जखमींना सारखीच जागा दिली.

आता मसुद्यांबद्दल. दुसऱ्या दिवशी मी दोन अहवाल लिहायला घेतले. घरच्यांसाठीच्या अहवालात "अत्यंत खेद", "दुर्दैवी", "कल्पनाही नव्हती" असे शब्द भरले होते. कंपनीसाठीच्या अहवालात एकही माणूस नव्हता. "कडे बसविण्यात आले होते", "पाहणी करण्यात येत असे", "सूचना देण्यात आली". मराठीत ही सोय फार आहे. "करण्यात आले" म्हटलं की कोणी केलं ते सांगावं लागत नाही. आणि कर्ता सोडला तरी क्रियापद निवडावंच लागतं: कडं पडलं, पाडलं, की पडू दिलं? पहिलं वाचलं तर वाटतं वारा आला आणि ते आपोआप आलं. दुसरं तर खोटंच. तिसरं खरं आहे की नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तेव्हा ते दोन वेगळ्या अपघातांचे वाटले. एकात सजावटवाल्याचा उल्लेख दोनदा होता, दुसऱ्यात सहा वेळा. मुलीचे वडील ते पुढेमागे वाचणारच होते. विमा कंपनीचे सर्व्हेअर त्यांना भेटणार होते आणि दोघं आपापले कागद काढणार होते. मी दोन्ही फाडले आणि ठरवलं की अहवाल एकच राहील, शब्दही तेच, फक्त प्रती दोन. खेद व्यक्त करायचा तो वेगळ्या पत्रात, घरी जाऊन, हातात द्यायचा. अहवालात खेद घातला की तो कुठे संपतो आणि कबुली कुठे सुरू होते हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही.

मग माहिती गोळा करायला लागलो. अकरा जणांशी बोललो. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि वाचून दाखवून सही घेतली. मी मुद्दाम कुणालाही "वायर कशी तुटली?" असं विचारलं नाही. "तुम्ही कुठे होता आणि आधी काय दिसलं?" एवढंच विचारायचो. नऊ जणांनी आवाजापासून सुरुवात केली. जखमी मुलाच्या आईने मात्र पाण्यापासून केली. त्या म्हणाल्या, "आधी माझ्या खांद्यावर पाण्याचे थेंब पडत होते. मला वाटलं एसीचं पाणी. म्हणून मी बाजूला सरकले. मग थोड्या वेळाने ते झालं."

हे लिहून घेताना माझा हात थांबला. कारण त्या पाण्याबद्दल मला आधीच माहीत होतं. संध्याकाळी आमच्याकडचा एक मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "साहेब, वरून फुलांचं पाणी गळतंय." मी स्टेजजवळ फोटोग्राफरशी बोलत होतो. मी त्याला म्हणालो, "फरशी पुसून घे, कोणी घसरेल."

त्यानंतर मी सीसीटीव्ही पाहायला बसलो. आमच्या यंत्रावर पंधरा दिवसांनी जुनं चित्रण पुसलं जातं, म्हणून त्या संध्याकाळचे चार तास आधीच पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते. चित्रणात एक विचित्र गोष्ट दिसली. मी रुग्णवाहिकेला फोन करताना ७:५७ वाजले होते, पण माझ्या मोबाईलच्या यादीत तो फोन ७:५१ चा होता. कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे होतं. मी मोबाईलवर सेकंद दाखवणारं घड्याळ लावलं आणि ते कॅमेऱ्यासमोर धरलं. फरक बरोबर सहा मिनिटांचा निघाला. अहवालातल्या सगळ्या वेळा त्याप्रमाणे सुधारल्या आणि सुधारल्याचंही लिहिलं. हे बारीक वाटेल, पण पाणी किती वाजता दिसलं आणि कडं किती वाजता सुटलं, या दोन वेळांमधल्या अंतरावरच पुढचं सगळं उभं होतं.

कॅमेऱ्याच्या चौकटीत कड्याच्या मागे खिडकीची वरची पट्टी दिसत होती. तिच्याशी ताडून पाहिलं. खऱ्या वेळेप्रमाणे ७:१० ला कडं पट्टीला समांतर होतं. ७:३१ ला, मुलगा माझ्याशी बोलत असताना, त्याची एक बाजू साधारण दोन बोटं खाली आलेली होती. पुढे ती आणखी थोडी खाली आली आणि ७:४९ ला ती बाजू सुटली. म्हणजे कडं सुटायच्या आधी निदान अठरा मिनिटं ते सरकत होतं. फुलांखालचे ट्रे काठोकाठ भरलेले होते. कडं जरा कलल्याबरोबर पाणी खालच्या बाजूने सांडायला लागलं होतं. आपलं कडं तिरकं होतंय हे त्या पाण्याने सगळ्या हॉलला सांगितलं आणि आम्ही पोछा मारला.

तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. वयस्क, कमी बोलणारे. मला वाटलं होतं ते आधी कागद मागतील. त्यांनी आधी शिडी मागितली.

वायरींबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या वायरी म्हणजे ३ मिलिमीटर जाडीची पोलादी दोरी होती, वरून पांढऱ्या प्लॅस्टिकचं आवरण. आठ महिन्यांपूर्वी कडं रंगवायला उतरवलं, तेव्हा छताच्या रंगाशी जुळावी म्हणून ही पांढरी वायर आणली होती. वायरीचं खालचं टोक कड्याच्या कडीतून ओवायचं, मागे दुमडायचं आणि दुमडलेला भाग मूळ वायरीला क्लिपने आवळायचा. क्लिप म्हणजे यू आकाराचा बोल्ट आणि त्याच्यापुढे एक खोबणीवाली पट्टी, दोन नटांनी घट्ट होणारी.

सुटलेली वायर छताला तशीच लोंबत होती आणि तिच्यावर क्लिपही शाबूत होती. सर्व्हेअर शिडीवरून म्हणाले, "या, वर या, बघा." क्लिपमध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकची रिकामी नळी अडकलेली होती, साधारण बोटाएवढी लांब. आत पोलाद नव्हतं. साप कात टाकतो तसं वायरीने आपलं आवरण क्लिपमध्ये सोडलं होतं आणि ती आतून निसटली होती. तिचं टोक आकड्यासारखं वाकलेलं होतं, पण एकही तंतू तुटलेला नव्हता. तुटलेल्या वायरीचे तंतू पिंजारलेले असतात, एकेकाचं टोक वेगळं दिसतं. इथे सगळे तंतू एकत्र, कापतानाचा सरळ काठ तसाच.

मग त्यांनी टिकलेल्या दोनपैकी एक वायर पाहिली. तिच्या दुमडलेल्या टोकाशी आवरण संपतं तिथे त्यांनी आगपेटीची काडी घातली. काडी जराशी आत गेली. त्यांनी नखाने खूण धरून पट्टीवर मोजलं: ४ मिलिमीटर. टिकलेल्या दुसऱ्या वायरीत ६. म्हणजे टिकलेल्या दोन्ही वायरीही आवरणाच्या आतून सरकू लागल्या होत्या. ते म्हणाले, "क्लिपने प्लॅस्टिक धरलंय, वायर धरलेलीच नाही. प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू पसरतं, पकड सैल होते. क्लिप बसते तेवढ्या भागावरचं आवरण सोलून काढायचं असतं."

मी विचारलं, मग तिन्ही का नाही सुटल्या? त्यांनी उत्तर दिलं नाही, फक्त बोटाने दाखवलं. टिकलेल्या वायरींवर दोन-दोन क्लिप होत्या. सुटलेलीवर एक.

अजून एक हिशोब त्यांनी तिथेच उलगडला. कड्याची बाजू दोनच बोटं खाली आली होती, ती कुणाच्या डोळ्यांत का भरली नाही? वायर दुमडून फास केलेला असल्यामुळे मोकळं टोक जेवढं सरकतं त्याच्या निम्मंच कडं खाली येतं. आमच्या वायरीचं मोकळं टोक १२ सेंटीमीटर होतं. ते सगळं सरकेपर्यंत कडं फक्त ६ सेंटीमीटर खाली आलं असणार आणि मग एकदम सुटलं. खालच्या माणसाला फारसा फरक जाणवत नाही. पाण्याला लगेच जाणवतो.

इथपर्यंत माझ्या मनात दोषी ठरलेला माणूस सजावटवाला होता. त्याने ताज्या फुलांसाठी ओल्या फोमच्या विटा वापरल्या होत्या. हा फोम कोरडा असताना हातात जाणवतही नाही, पण भिजला की जवळजवळ स्वतःच्या आकाराएवढं पाणी धरतो. विटेचं माप २३ बाय ११ बाय ८ सेंटीमीटर, म्हणजे साधारण दोन लिटर, म्हणजे दोन किलोच्या आसपास. मी त्याच रात्री नऊला एक वीट काट्यावर ठेवली होती, १.९ किलो भरली. तीच वीट दुसऱ्या सकाळी १.४ होती. सकाळी पहिल्यांदा मोजली असती तर कड्यावरचा भार कितीतरी कमी धरला गेला असता. अशा बारा विटा होत्या. कडं स्वतः २६ किलो, विटा सुमारे २३, फुलं-वेली-दिवे-ट्रे मिळून १५. एकूण ६४, म्हणजे एकेका वायरीवर एकवीस-बावीस किलो.

हा आकडा मी सर्व्हेअरांना थोड्या अभिमानाने दाखवला, कारण आधी आम्ही नेहमी कापडी फुलं लावायचो, तेव्हा याच वायरीवर दहा-अकरा किलो यायचे. भार दुप्पट झाला, तोही सजावटवाल्याने केला. ते म्हणाले, "३ मिलिमीटरची चांगली वायर सुमारे ५०० किलोला तुटते. डोक्यावर टांगताना दहापट सुरक्षा धरली तरी ५० किलो चालले पाहिजेत. बावीस किलोचं तुम्ही काय सांगताय?" मी गप्प बसलो. ओल्या फुलांमुळे गोष्ट त्या दिवशी घडली एवढंच. ती फुलं नसती तर वायर कदाचित आणखी काही महिने काडी काडीने सरकत राहिली असती.

आणि ओल्या फुलांना परवानगी मीच दिली होती. सजावटवाल्याचा मेसेज माझ्या मोबाईलमध्ये होता, "यावेळी ताजी फुलं, फोमवर." मी उत्तर दिलं होतं, "चालेल." वजन किती, हे त्यानेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मेसेजची प्रत अहवालाला जोडली.

त्या रात्री स्टोअरचं रजिस्टर काढलं. आठ महिन्यांपूर्वीच्या पानावर स्टोअरकीपरच्या अक्षरात नोंद होती: "कडे बसविण्यास क्लिप ५ नग दिल्या. १ मागवायची आहे." खाली माझी सही. सहा लागत होत्या, पाच होत्या. सहावी मागवल्याची नोंद पुढच्या कुठल्याच पानावर नाही. मला ती सही केल्याचं आठवतसुद्धा नाही. महिन्याला अशा शंभर सह्या करतो मी.

खरं सांगायचं तर ते पान न जोडण्याचा विचार मी पुष्कळ वेळ केला. कोणी मागितलं नव्हतं. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "वकिलांना विचार." वकीलबाईंनी जे सांगितलं ते मला अजून उपयोगी पडतं. त्या म्हणाल्या, वस्तुस्थिती लपवू नका. विमा कंपनीपासून महत्त्वाची गोष्ट दडवली तर दावाच धोक्यात येतो आणि घरच्यांपासून दडवली तर ती कोर्टात बाहेर येते. पण निष्कर्ष काढणं तुमचं काम नाही. "एका वायरीवर एकच क्लिप होती" ही वस्तुस्थिती. "आमच्या निष्काळजीपणामुळे" हा निष्कर्ष. पहिलं लिहा, दुसरं वाचणाऱ्यांवर सोडा.

मला आधी ही कायद्याची चलाखी वाटली. लिहायला बसल्यावर उलटं जाणवलं. विशेषणं काढून टाकली की लपायला जागा उरत नाही. "निष्काळजीपणा" हा शब्द तसा आरामाचा आहे. तो लिहिला की माणसाला कबुली दिल्यासारखं वाटतं आणि नेमकं काय केलं ते सांगायचं राहूनच जातं. शेवटी अहवालातला तो भाग असा झाला:

"७:३१ वाजता कर्मचाऱ्याने कड्यातून पाणी गळत असल्याचे मला सांगितले. मी त्याला फरशी पुसण्यास सांगितले. मी वर पाहिले नाही. कड्याखालील जागा मोकळी केली नाही. ७:४९ वाजता कड्याची क्रमांक ३ ची वायर सुटली."

या पाच वाक्यांत "करण्यात आले" कुठेच नाही. लिहायला मला दोन तास लागले.

कारणांच्या भागात मी "कारण" हा शब्दच वापरला नाही. "आढळलेल्या गोष्टी" असं शीर्षक दिलं आणि त्यात क्लिपची संख्या, आवरण न सोललेलं असणं, ४ आणि ६ मिलिमीटरची मापं, वजनांचा तक्ता आणि रजिस्टरचं पान लिहिलं. आणखी एक गोष्ट मी स्वतःहून घातली: कड्याला वेगळी सुरक्षा वायर नव्हती. ती छतातल्या दुसऱ्याच हुकाला बांधतात, कड्याच्या मूळ सांगाड्याभोवती घेतात आणि तिच्यात ढील जवळजवळ ठेवत नाहीत. ढील जास्त ठेवली तर कडं आधी पडतं आणि मग हिसक्याने थांबतं, आणि त्या हिसक्याचा जोर कड्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. तशी वायर असती तर सुटलेली बाजू वीतभर खाली येऊन थांबली असती. ती नसल्यामुळे काठ १.८ मीटरची झोकांडी खाऊन जमिनीपासून १.४ मीटरवर आला. मावशींच्या खांद्याची उंची तेवढीच.

प्रती पाठवण्याआधी मी मुलीच्या घरी गेलो. वडिलांनी अहवाल माझ्यासमोरच वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. मी वाट बघत होतो की ते "वर पाहिले नाही" या ओळीवर थांबतील. ते रजिस्टरच्या पानावर थांबले. म्हणाले, "ही तुमचीच सही?" मी हो म्हटलं. त्यांनी पान उलटलं. चहाला थांबा म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. खेदाचं वेगळं पत्र मी टेबलावर ठेवलं. ते त्यांनी माझ्यासमोर उघडलं नाही, आणि ते बरंच झालं.

कंपनीने मावशींचा आणि मुलाचा दवाखान्याचा खर्च मान्य केला. पुढच्या भरपाईचं बोलणं मी हे लिहितोय तेव्हाही चालू आहे आणि त्यात मी पडत नाही. सर्व्हेअरांनी सुटलेल्या वायरीची क्लिप, आतल्या पांढऱ्या नळीसकट, पाकिटात बंद करून आम्हा दोघांच्या सह्यांनिशी नेली. कडं उतरवून स्टोअरमध्ये ठेवलंय, त्यावर चिठ्ठी लावली आहे आणि कंपनी कळवेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

आठवड्याने मुलाच्या आईचा फोन आला. त्यांच्या हाती घरच्यांकडची प्रत गेली होती. म्हणाल्या, "भाऊ, दोन चुका आहेत. माझा मुलगा नऊ वर्षांचा नाही, आठचा आहे. आणि पाणी माझ्या उजव्या खांद्यावर पडलं असं लिहिलंय. डाव्या. मी स्टेजकडे तोंड करून उभी होते." मी नकाशा काढून पाहिला. उजवा खांदा धरला तर पाणी क्रमांक १ च्या वायरीखाली येत होतं, जी टिकली होती. ते मला आधीपासून खटकत होतं, पण मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. डावा धरला तर बरोबर क्रमांक ३ खाली. मी पुरवणी लिहिली, दोन ओळींची, तारीख घालून, आणि दोन्हीकडे पाठवली.